जास्त शक्तीची मोटार जास्त कार्य करते का?

"मुलाने नववीच्या पेपरात लिहिलं, 'जास्त शक्तीची मोटार जास्त कार्य करते.' बाईंनी चूक दिली. मला तर बरोबरच वाटतंय. यात चूक काय?"

बाईंचं बरोबर आहे. मुलाचे दोनच शब्द राहिले: 'तेवढ्याच वेळात'. ते घातले असते तर वाक्य खरं झालं असतं.

मी सोलापुरात मोटार वाइंडिंगचं काम करतो. इथे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी खाली हौद, गच्चीवर टाकी आणि मधे मोटार. 'एक हॉर्सपॉवरची मोटार अर्ध्याच्या दुप्पट लाईट खाते' असं गिऱ्हाईक नेहमी म्हणतात. गफलत तीच आहे.

समजा १००० लिटर पाणी १० मीटर वर चढवायचंय. त्या पाण्याचं वजन सुमारे ९८०० न्यूटन. हे झालं बल. ते १० मीटर वर नेलं की ९८,००० ज्यूल कार्य झालं. मोटार कुठलीही लावा, नाहीतर बादल्यांनी वाहा, पाण्यावरचं कार्य तेवढंच. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे सेकंदाला ७४६ ज्यूल. काहीच वाया गेलं नाही तर एकची मोटार हे १३१ सेकंदांत उरकेल, अर्ध्याची २६३ सेकंदांत. शक्ती सांगते ती एवढंच: कार्य किती झपाट्याने होतं.

बिलावरचं युनिट मात्र ऊर्जेचं असतं. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. प्रत्यक्षात पंप बरीच ऊर्जा उष्णतेत घालवतो, म्हणून वेळही जास्त लागतो आणि युनिटही. पण मोठी मोटार लवकर बंदही होते, हे लोक विसरतात.

आता वरचा व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटार चालू करा. पाण्यावर जोर पडतोय, पण पाणी चढत नाही. बल आहे, विस्थापन नाही, म्हणून चढवण्याचं कार्य शून्य. वीज जळतेच आणि पंपातलं पाणी तापतं. मुलाला हे नुसतं सांगा, करून दाखवू नका, सील खराब होतं.

मुलाला दोष देऊ नका, आपली भाषाच तशी आहे. 'शक्ती लावून ढकल' म्हणतो तेव्हा बल अभिप्रेत असतं, 'अंगात शक्ती नाही' म्हणतो तेव्हा ऊर्जा. रस्त्यावरची 'वेगमर्यादा'सुद्धा पुस्तकाच्या हिशेबाने चालीची मर्यादा आहे, कारण तिला दिशेशी देणंघेणं नाही.

घरी पडताळायचं असेल तर इतर सगळं बंद करून टाकी भरण्याआधी आणि नंतर मीटर वाचा. शेजाऱ्याकडे वेगळ्या हॉर्सपॉवरची मोटार असेल तर तिथेही बघा. टाकी आणि उंची सारखी हवी. दुप्पट फरक सहसा दिसणार नाही. दिसलाच तर पाइप बघा. बारीक पाइपातून दुप्पट झपाट्याने पाणी ढकललं की घर्षणाने जाणारा दाब जवळजवळ चौपट होतो. तिथे मोठी मोटार खरोखरच जास्त खाते.