‘मिठापर्यंत हात पोचतोय काय?’ आणि इतर प्रश्न

जेवताना नातवाला म्हटलं, “बाळा, मिठापर्यंत हात पोचतोय काय?” तो म्हणाला, “पोचतोय की!” आणि जेवत राहिला. हा आगाऊपणा, की माझंच काही चुकलं? – एक आजी, शाहूपुरी

आगाऊपणाच, पण त्याला संधी तुमच्या वाक्याने दिली. विनंती, हुकूम, सल्ला ही समोरच्याकडून काहीतरी करवून घेणारी बोलणी. भाषाशास्त्रात त्यांना निर्देशक कृती म्हणतात. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल सांगतो, की विनंती जमायला काही अटी लागतात: काम समोरच्याने पुढे करायचं असावं, त्याला ते जमण्यासारखं असावं आणि बोलणाऱ्याला ते खरंच हवं असावं. १९७५ च्या लेखात त्याने दाखवलं, की थेट “दे” न म्हणता यातल्या एखाद्या अटीबद्दल बोललं तरी विनंती होते.

तुमचं मीठच घेऊ. “हात पोचतोय काय?” ही जमण्याची अट. “मीठ देतोस काय?” ही पुढच्या कामाची. “मला मीठ पाहिजे” ही इच्छेची. आता “मला मीठ पाहिजे काय?” असं विचारून बघा. नातू नुसता तोंडाकडे बघत बसेल. इच्छा तुमची, तिची खबर तुम्हालाच. म्हणून ती सांगून विनंती होते, विचारून होत नाही. हात आणि देणं मात्र त्याचं, तेव्हा त्याबद्दल विचारता येतं.

पण सगळ्या वाटा सारख्या मळलेल्या नसतात. इंग्रजीत जेवणाच्या टेबलावर ‘कॅन यू’ म्हटलं की विनंतीच समजतात. तेच चेक भाषेत शब्दशः नेलं तर विचित्र वाटतं, हे सर्लनेच नोंदवलंय. आपली मळलेली वाट “देतोस काय?” ही. हात पोचण्याचा प्रश्न खराही असू शकतो, आणि नातवाने नेमकी ती फट पकडली.

वाट मळलेली आहे का, हे बघायला वाक्यात ‘प्लीज’ घाला. “प्लीज, मीठ देतोस काय?” बसतं. “प्लीज, आमटी अळणी झालीय” बसत नाही. तो नुसता इशारा. त्यात एक सोय मात्र आहे: कोणी हललं नाही तर “मी आपलं सहज म्हटलं” म्हणून माघार घेता येते. “देतोस काय?” म्हटल्यावर ती घेता येत नाही.

आमच्या खानावळीत गिऱ्हाईक “पांढरा आहे काय?” म्हणतं. वाढपी “आहे की!” म्हणतो आणि वाटीही भरतो. वाटी भरायचीच आहे तर उत्तर कशाला देतो? – एक खानावळवाले

कारण वाक्यात दोन्ही कृती आहेत, वरचा प्रश्न आणि आतली विनंती, आणि वाढपी दोन्हींना पावतो. हर्बर्ट क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुकानांना फोन करून बंद होण्याची वेळ आडवळणाने विचारली होती, “सांगू शकाल का?” अशा धर्तीवर. बरेच दुकानदार आधी “हो” म्हणत आणि मग वेळ सांगत. तुमचा वाढपी तेच करतो. फक्त दारात उभ्या माणसाने हेच विचारलं तर वाटी भरू नये. तो अजून बसायचं की नाही ते ठरवतोय.

गुळाचे पैसे मागितले की एक जण “मिळतील की उद्या” म्हणतो, दुसरा “उद्या बघतो”. कुणाचा शब्द धरू? – एक अडते

कुणाचाच नाही. शब्द देणं ही वचनबद्ध करणारी कृती, आणि तिची अट अशी, की बोलणाऱ्याने स्वतःचं पुढचं काम अंगावर घ्यावं. “मिळतील” मध्ये कर्ता पैसे आहेत, माणूस गायब. ते वचन नाही, अंदाज आहे. चुकला तर खोटा ठरेल, पण मोडला असं म्हणता येणार नाही. “बघतो” म्हणणाऱ्याने काम अंगावर घेतलंय, पण फक्त बघण्याचं. त्याने उद्या बघितलं आणि दिले नाहीत, तरी शब्द पाळलाच! “उद्या देतो” एवढं वदवून घ्या. “मी” नसला तरी चालेल, क्रियापदातच माणूस सापडतो.

जाऊबाई म्हणाल्या, “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.” मला ती माफी वाटलीच नाही. मी जास्त ताणतेय का? – एक वाचक, राजारामपुरी

नाही. माफी, आभार, अभिनंदन या भाव व्यक्त करणाऱ्या कृती. यात जे घडलं ते घडलंच, असं आधी धरलेलं असतं. त्यावर फक्त आपली भावना सांगायची. “परवा सगळ्यांसमोर तुला बोलले, माफ कर” यात बोलणं कबूल आहे. “असेल तर” म्हटलं की ते गृहीतच काढून घेतलं, शिवाय विषय त्यांच्या बोलण्यावरून तुमच्या वाटण्यावर सरकवला. जाऊबाईंना खरंच माहीत नसेल तर गोष्ट वेगळी. मग तुम्हाला काय लागलं ते त्यांना सांगा आणि दुसऱ्यांदा ‘असेल तर’ गळतंय का ते बघा.