‘आपल्याकडून उशीर झाला’ म्हणजे नक्की कुणाकडून?

प्रश्न: मी दिवाळी अंकांची प्रुफं तपासते. परवा रात्री एका संपादकांचा मेल आला: ‘नमस्कार. आपली प्रुफं मिळाली. या वेळी आपल्याकडून जरा उशीरच झाला. पुढच्या फर्म्याचं काय करायचं ते बघू. कळावे.’ मला दोन दिवस उशीर झाला हे खरं, पण मुळात मजकूरच त्यांच्याकडून चार दिवस उशिरा आला होता. ते मला बोल लावताहेत की दोघांचं मिळून म्हणताहेत? आणि उत्तर काय लिहू?

उत्तर: हा सगळा घोळ ‘आपण’ या एका सर्वनामाचा आहे. मूळ संस्कृत ‘आत्मन्’, म्हणजे स्वतः. त्यातून मराठीत तीन वाटा फुटल्या. ‘राम आपल्या घरी गेला’ यात तो स्वतः. ‘आपण दोघं जाऊ’ यात मी आणि तू. ‘आपण बसावं’ यात समोरची आदरणीय व्यक्ती. हिंदीत ‘आप’ म्हणजे समोरचा, गुजरातीत ‘आपणे’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून. आपण मात्र दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदवतो.

एरवी नांदतात ते क्रियापदाच्या जोरावर. ‘आपण कधी आलात?’ आणि ‘आपण कधी आलो?’ यांत कुणाचा गोंधळ होत नाही. भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदापाशी आधार डळमळतो, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं. ‘आपण पत्र पाठवलंत’ मधला शेवटचा ‘त’ समोरच्याकडे बोट दाखवतो. लिहिताना तो पुष्कळदा गळतो आणि ‘आपण पत्र पाठवले’ एवढंच उरतं. मग पाठवलं कुणी? विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की तर काहीच हाती राहत नाही. ‘आपल्याला’, ‘आपल्याकडे’, ‘आपल्याकडून’ यांत ‘तुम्ही’ आणि ‘तुम्ही-मी’ हुबेहूब सारखेच दिसतात. तुमचा मेल नेमका इथे अडकला आहे.

आता मेल वाचू. पहिल्या वाक्यातलं ‘आपली प्रुफं’ म्हणजे तुमची, यात शंका नाही. त्यावरून दुसऱ्या वाक्यातलं ‘आपल्याकडून’ही तुमच्याकडूनच, असं म्हणावंसं वाटतं. पण तो पुरावा कच्चा आहे. ‘आपलं पत्र मिळालं. आपण लवकरच भेटू’ असं आपण सर्रास लिहितो. पहिलं ‘आपलं’ तुमचं, दुसरं ‘आपण’ दोघांचं, आणि वाचणारा ठेचकाळतही नाही.

त्यापेक्षा त्यांचे जुने मेल उघडा. ते एरवी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणत असतील आणि याच मेलभर ‘आपण’वर गेले असतील, तर पारा थोडा चढला आहे असं मी समजेन. मराठीत राग आला की आदर वाढतो, हे घरोघरी ठाऊक आहे. पहिल्यापासून ‘आपण’च म्हणत असतील, तर सर्वनामावरून काहीच सांगता येणार नाही.

मला जास्त बोलका वाटतो तो ‘झाला’. दोषच द्यायचा असता तर ‘आपण उशीर केलात’ हे वाक्य तयार होतं. त्यांनी ‘कडून… झाला’ घेतलं. ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हणताना आपण हीच रचना वापरतो, कारण तिच्यात हेतू नसतो. ‘जरा उशीरच’ ही जोडीही मवाळ आहे. ‘च’ एकटा असता तर टोचला असता, ‘जरा’ने त्याची धार काढली. ‘बघू’ मात्र दोन्हीकडचं. ‘बघू या’ असतं तर बसून ठरवू असा अर्थ झाला असता. नुसतं ‘बघू’ म्हणजे ठरवू, किंवा लग्नाच्या बोलणीत म्हणतात तसलं ‘बघू’. ‘कळावे’चा फार विचार करू नका. पुढे ‘लोभ असावा’ नाही म्हणून लोभ गेला असं होत नाही, पत्र संपवायची ती रीत आहे.

माझा कौल ‘दोघांचं मिळून’कडे झुकतो, पण त्यावर उत्तर बेतण्याइतका पक्का नाही. म्हणून उत्तर दोन्ही अर्थांना चालेल असं हवं, आणि तिथे पहिला खड्डा त्यांचाच शब्द परत करण्याचा आहे. तुम्ही सहज लिहाल, ‘हो, आपल्याकडून उशीर झाला खरा.’ तुम्ही त्यांना ‘आपण’ म्हणत असाल तर ते वाचतील, ‘उशीर तुमचाच’. ‘दोघांकडूनही’ लिहाल तर, त्यांनी तुम्हाला बोल लावला असल्यास, तो उलटवल्यासारखा होतो. ‘माझ्याकडून उशीर झाला, क्षमस्व’ लिहाल तर सहाही दिवस तुमच्या नावावर. ‘आमच्याकडून’चा तर प्रश्नच नाही, तुमच्या मागे कचेरी आहे असं वाटेल.

यातून वाट अशी की उशिराचा मालक ठरवायचाच नाही. फक्त तुमचा वाटा, मोजून, घटना म्हणून सांगायचा. मी असं लिहीन:

‘नमस्कार. तिसऱ्या फर्म्याची प्रुफं मी ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा पाठवली. छपाई लांबली याबद्दल दिलगीर आहे. चौथ्या फर्म्याचा मजकूर हाती आला की तीन दिवसांत प्रुफं परत करते. म्हणजे सोमवारी मिळाला की गुरुवारी संध्याकाळपर्यंत. छापखान्याची तारीख कळवावी, त्याप्रमाणे पुढचे दिवस राखून ठेवते.’

त्यांनी तुम्हाला बोल लावला असेल, तर पहिलं वाक्य कबुली आहे. दोघांचं म्हटलं असेल, तर तुम्ही आपला वाटा मांडला आणि त्यांचा त्यांच्यावर सोडला. ‘दिलगीर’ हा फारसी शब्द मुळात खिन्न माणसाचा, गुन्हेगाराचा नव्हे. झाल्या गोष्टीचं वाईट वाटतं एवढं तो सांगतो, म्हणून दोन्हीकडे बसतो. ‘माफी’ मागितली की अपराध आधी मान्य करावा लागतो.

‘मिळाला की’ मधला ‘की’ मी मुद्दाम घातला आहे. ‘मिळाला तर’ लिहिलंत, तर मागचे चार दिवस त्या ‘तर’मध्ये डोकावतात आणि टोमणा होतो. ‘की’ मजकूर येणारच असं धरून चालतो. तरीही तुमचे तीन दिवस मजकूर आल्यावरच सुरू होतात, हे लिखित राहतं. शेवटची तारखेची विनंती ‘बघू’साठी आहे. पुढचा फर्मा तुम्हालाच द्यायचा असेल तर तारीख येईल. द्यायचा नसेल तर तेही या उत्तरातून कळेल, आणि ‘रागावलात का?’ असं विचारावं लागणार नाही.

हे सगळं फक्त सुराचा प्रश्न असेल तोवर. पुढच्या मेलमध्ये उशिरापोटी मानधन कापण्याची भाषा आली, तर दुहेरी उत्तर तुमच्याच अंगाशी येईल. तेव्हा सरळ विचारा: ‘उशीर म्हणजे माझे दोन दिवस धरता आहात की एकूण सहा?’

आणि त्यांचं उत्तर ‘सोमवारी मजकूर आपल्याकडे येईल’ असं आलं, तर तो त्यांच्या कार्यालयात येणार आहे की तुमच्या इनबॉक्समध्ये, हे मात्र फोन करूनच विचारा.