पुरवठादाराला ऑडिटमधील त्रुटी कळवताना

प्रश्न: शिरोलीतील फाउंड्रीला ऑडिटमधील त्रुटी दोष न देता कशा कळवाव्यात?

उत्तर: पत्रात व्यक्तीचा उल्लेख टाळून अट आणि पुरावा मांडावा. ‘ऑपरेटरने दुर्लक्ष केले’ याऐवजी ‘कंट्रोल प्लॅननुसार वैध कॅलिब्रेशन आवश्यक आहे, पायरोमीटरची मुदत ३१ मार्चला संपली असून १२ एप्रिलच्या ओतकामाचे तापमान त्यानेच मोजल्याची नोंद आहे’ असे लिहावे. त्यानंतर मधल्या काळातील कास्टिंगची तपासणी कशी केली, मुदत संपल्याचे व्यवस्थेच्या लक्षात का आले नाही आणि कोणता बदल कोणत्या तारखेपर्यंत होईल, हे विचारावे. ‘कामगाराला समज दिली’ एवढेच उत्तर आल्यास ते आदरपूर्वक परत पाठवावे, कारण पुढच्या मुदतीची आठवण कोण, कशी करून देणार हे त्यातून कळत नाही.