आलेले पैसे आल्या वाटेनंच जाऊ दे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. खात्यात 38,500 रुपये आले, पाठवणारा ओळखीचा नाही, आणि तासाभरातच एक माणूस फोन करून राहिला की ‘भाऊ, कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे चुकून तुमच्याकडं गेले, या नंबरवर टाकून द्या, आई दवाखान्यात आहे.’ तू पैसे परत करायला निघालास हे चांगलंच झालं. पण त्या नंबरवर टाकू नको. फोनवर बोलण्यासारखं हे नाही, म्हणून लिहितो.

आधी पैसे खरोखर आलेत का ते बघ. मेसेजवर जाऊ नको, तसा मेसेज कोणीही पाठवू शकतो. बँकेच्या अॅपमध्ये बघ, नाहीतर गावातल्या बँकमित्राकडून मिनी स्टेटमेंट काढून घे. पैसे आलेलेच नसतील तर गोष्ट तिथंच संपली. आलेले असतील तर त्या नोंदीत तीन गोष्टी शोध: पैसे यूपीआय, आयएमपीएस की एनईएफटीनं आले, पाठवणाऱ्याचं नाव, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा क्रमांक 12 आकडी असतो, एनईएफटीचा यूटीआर त्याहून लांब. तो क्रमांक वहीत उतरवून ठेव. पुढचं सगळं त्याच्यावरच चालतं.

आता त्या नंबरवर का टाकायचे नाहीत ते सांगतो. मी शाखेत होतो तेव्हा तांड्यावरचा एक पोरगा असाच आला होता. त्याच्या खात्यात 20,000 आले होते, फोन आला, त्यानं भलेपणानं सांगितलेल्या नंबरवर टाकून दिले. तीन महिन्यांनी सोयाबीनचे पैसे काढायला गेला तर खात्यावर होल्ड. ते वीस हजार मुळात दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाला फसवून काढलेले होते. चोरानं ते आधी या पोराच्या खात्यात टाकवले आणि मग ‘परत’ म्हणून तिसऱ्याच खात्यात वळवून घेतले. पोलिसांच्या कागदावर दिसत होतं एवढंच की फसवणुकीचे पैसे याच्या खात्यात आले आणि यानं पुढं पाठवले. पोरगा निर्दोष होता, पण ते सिद्ध करायला तपास अधिकाऱ्याशी पत्रव्यवहार, जबाब, आणि पेरणीच्या तोंडावर रिकामा खिसा.

तू म्हणशील, फोनवाल्याला खूण विचारून पाहतो. रक्कम किती, वेळ कोणती, कोणत्या खात्यातून पाठवले. विचार, पण उत्तरं बरोबर आली म्हणून तो खरा ठरत नाही. ज्यानं पैसे वळवले त्या चोरालाही हे सगळं माहीत असतंच.

आणि माणूस अगदी खरा असला तरी हीच अडचण. त्यानं आपल्या बँकेत तक्रार आधीच केलेली असू शकते. तू सरळ पाठवलेस आणि तिकडून बँकेमार्फतही तेवढीच रक्कम परत मागवली गेली, तर दुसऱ्यांदा दिल्यासारखं होतं. म्हणून त्याला नीट, न भांडता सांग: ‘दादा, मला पैसे ठेवायचे नाहीत. तुम्ही तुमच्या बँकेत तक्रार द्या, त्यांचं पत्र माझ्या शाखेत आलं की मी संमती देतो, मीही अर्ज देऊन राहिलो.’ खऱ्या माणसाला हे पटतं. जो आणखी चिडतो, क्यूआर पाठवतो, ओटीपी मागतो किंवा एखादं अॅप घ्यायला लावतो, त्याचा फोन उचलायचा नाही. 1930 वर कळव, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे.

आज दुसरा शनिवार, शाखा बंद. सोमवारपर्यंत हात बांधून बसू नको. पासबुकावर किंवा कार्डामागं बँकेचा ग्राहक सेवेचा नंबर असतो (इंटरनेटवर शोधलेला घेऊ नको, तिथं खोटे नंबरही असतात), त्यावर फोन करून ‘अनोळखी रक्कम जमा’ अशी तक्रार नोंदव आणि तक्रार क्रमांक लिहून घे. पैसे आले त्याच दिवशी तू स्वतःहून कळवलंस, हे या क्रमांकावरून दिसतं.

ती रक्कम खात्यातच राहू दे. एटीएममधून काढायची नाही, दुसऱ्या खात्यात नाही, मुदत ठेवीत तर नाहीच. मात्र एक गोष्ट पोरं विसरतात. तुझा मोटरसायकलचा हप्ता 5 तारखेला आपोआप कटतो. खात्यात तुझे स्वतःचे पैसे नसतील तर हप्ता या 38,500 मधूनच जाईल, आणि सकाळी परत करायचे पैसे संध्याकाळी कमी पडतील. तेवढी भर आधी घालून ठेव.

सोमवारी शाखेत अर्ज दे. बँकमित्राकडं नाही, शाखेतच. असा लिही:

‘मा. शाखा व्यवस्थापक यांस. माझ्या बचत खाते क्र. … मध्ये दि. … रोजी … वाजता रु. 38,500 जमा झाले आहेत. व्यवहार क्रमांक … असा असून पाठवणाऱ्याचे नाव … असे दिसते. सदर व्यक्तीशी माझा कोणताही व्यवहार नाही. ही रक्कम माझी नाही. आपण खातरजमा करून ती मूळ खात्यावरच परत पाठवावी, त्यासाठी माझी संमती आहे. मी ही रक्कम वापरलेली नाही. ग्राहक सेवेकडील तक्रार क्र. … . मोबाईल क्र. … वरून रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवण्यासाठी मला फोन येत आहेत.’

यातले ‘मूळ खात्यावरच’ हे दोन शब्द गाळू नको. अर्ज दोन प्रतींत ने. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घे. काउंटरवरचा कंटाळलेला माणूस ‘काहून एवढं लिहितं, यूपीआयनं टाकून दे ना’ म्हणेल. तू म्हण, ‘साहेब, हेच अर्जावर लिहून द्या.’ तो लिहून देणार नाही, शिक्का मात्र देईल.

मग थोडं थांबावं लागतं. ज्यानं पाठवताना चूक केली त्याच्या बँकेकडून विचारणा आली की तुझ्या संमतीवर रक्कम वळती होते. चूक बँकेचीच असेल तर ती तुला न विचारताही नोंद उलटवू शकते, तेव्हा खात्यातून रक्कम अचानक गेलेली दिसली तर घाबरू नको, नोंद वाच. सरकारी योजनेचा हप्ता चुकून आला असता तर वाट वेगळी. पीएम किसानच्या पोर्टलवर परताव्याची स्वतंत्र सोय आहे.

तुझा मित्र म्हणतो ना, ‘खात्यात आलं ते आपलं’? त्याला सांग, चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात हे 1872 च्या करार कायद्याच्या 72 व्या कलमातच आहे, आणि जाणूनबुजून खाल्ले तर भारतीय न्याय संहितेचं 314 वं कलम लागू शकतं, त्यात तुरुंग आहे.

रक्कम गेल्यावर पासबुक भरून घे आणि ती कशी, कुठं गेली ती ओळ बघ. शिक्क्याचा अर्ज, तक्रार क्रमांक, त्या फोनचा कॉल लॉग आणि पासबुकाच्या पानाची झेरॉक्स एकाच पाकिटात ठेव. तीन-चार महिन्यांनी बाहेरच्या ठाण्यातून फोन आला, तर हेच पाकीट घेऊन आधी शाखेत जा.

सोमवारी मी दारव्ह्याला येणार आहे. अकराला शाखेसमोर भेट, अर्जावर तारीख मात्र तूच घाल.

तुझा
काका