टीमच्या बैठकीत दोघांची चांगलीच जुंपली, आता सगळे गप्प आहेत. कुणाला न दुखावता वातावरण हलकं कसं करू?

लगेच विनोद करू नका. दुखावलेल्या माणसाला तो 'तुझं म्हणणं फालतू होतं' असाच ऐकू येतो.

आधी दोघांचं म्हणणं एकेका वाक्यात मांडा: "तारीख पुढे ढकलली तर दिलेला शब्द मोडेल, ही तुझी काळजी. घाईत काम बिघडेल, ही तुझी." मग "बरोबर मांडलं का?" असं विचारून खरंच थांबा. कुणी दुरुस्ती केली तर ती मान्य करा. दोघांनी होकार दिला की दहा मिनिटं सुट्टी घ्या.

परतल्यावर हसायचंच तर त्या तारखेवर, कामाच्या पसाऱ्यावर हसा. त्या दोघांवर नाही. तेव्हाही एखादा खाली मान घालून बसलेला दिसला तर विषय तिथेच सोडा आणि नंतर त्याच्याशी एकट्याशी बोला.