‘सिली मिस्टेक’ असं लिहिण्याआधी

“मॅडम, हिला गणित येतं हो. घरी सगळं सोडवते. पण पेपरात सिली मिस्टेक करते आणि मार्क घालवते. हिचा निष्काळजीपणा कसा घालवायचा?”

दहावीच्या मुलांचे पालक येऊ लागले की दर आठवड्याला दोन-तीनदा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडतं. या वेळी ते ईशाच्या आईनं (नाव बदललं आहे) उच्चारलं. बीजगणिताच्या सराव परीक्षेत तिला 40 पैकी 24 गुण होते. ईशा शेजारी मान खाली घालून बसली होती. ‘निष्काळजी’ हा शब्द तिनं इतक्यांदा ऐकला होता की आता तो तिला आपल्या स्वभावाचाच भाग वाटत होता.

मी तिला चुकांची वही करायला सांगितली. प्रश्न पूर्ण उतरवायचा. चुकलेली पायरी जशीच्या तशी, न खोडता लिहायची. खाली एका वाक्यात लिहायचं, ‘हे लिहिताना माझ्या मनात काय होतं?’ मग प्रकार: दुर्लक्षाची, पायऱ्यांची की समजुतीची. प्रकार मात्र पेन्सिलीनं, कारण तो बदलू शकतो. शेवटी चार दिवसांनंतरची तारीख, त्या दिवशी तोच प्रश्न उत्तर झाकून पुन्हा सोडवायचा. दिवसाला चार चुका पुरेत. बरोबर उत्तर सुवाच्य उतरवून काढण्यात मुलं वही संपवतात आणि शिकत काहीच नाहीत, म्हणून हा नियम.

तीन आठवड्यांनी वहीत 31 चुका होत्या. त्यातल्या 27 पुढे ‘सिली’. मनात काय होतं या ओळीत अकरा वेळा एकच उत्तर: ‘चिन्ह चुकलं.’

इथं बहुतेक जण थांबतात आणि ‘चिन्हाकडे लक्ष दे’ असं सांगतात. मी थांबत नाही, कारण चुकीच्या उत्तरालाही स्वतःचं तर्कशास्त्र असतं यावर माझा विश्वास आहे. मानसशास्त्रज्ञ पियाजे 1920 च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या चाचण्या घेत होता. तेव्हा बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांमागचा विचारच त्याला अधिक बोलका वाटला. समुपदेशनात मी जे काही करते त्याच्या मुळाशी हेच आहे.

मी वहीतला एक प्रश्न कोऱ्या कागदावर लिहून दिला. 7, 4, 1, … या अंकगणिती श्रेढीचं दहावं पद काढा. ईशानं सूत्र बिनचूक लिहिलं, `tₙ = a + (n − 1)d`. मग d = 3 घेतला आणि उत्तर 34 काढलं. हात कुठंही अडखळला नाही.

“d कसा काढलास?”

“सातातून चार वजा केले.”

“चारातून सात का नाही?”

तिनं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. “मोठ्यातून लहान वजा करतात ना? फरक काढायचाय.”

दुर्लक्ष झालेलं मूल ‘इथं बघ जरा’ म्हटल्यावर स्वतःच ‘अरे!’ म्हणतं आणि दुरुस्त करतं. पायऱ्यांत अडकलेलं मूल काय करायचं ते सांगतं, पण मध्येच क्रम हरवतं, आणि दर वेळी निराळ्याच ठिकाणी. समजुतीत चूक असलेलं मूल मात्र तेच उत्तर पुन्हा काढतं आणि वर त्याची बाजू मांडतं. ईशा बाजू मांडत होती.

मग आम्ही ते अकरा प्रश्न एकाखाली एक ठेवले. वर्गसमीकरणात `x² + 2x + 5 = 0` होतं. त्याचा विवेचक `b² − 4ac`, म्हणजे 4 − 20. हिनं लिहिलं होतं 16, आणि त्यातून मुळं आली होती 1 आणि −3. खरं उत्तर −16 आहे, त्या समीकरणाला वास्तव मुळंच नाहीत. श्रेढीतही तेच, विवेचकातही तेच. प्रकरणं वेगळी म्हणून शिक्षकांना आणि आईला त्या सुट्यासुट्या चुका वाटल्या. अकरापैकी नऊ चुका ‘मोठ्यातून लहान’ या एकाच समजुतीच्या होत्या.

मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. क्रेमरच्या पद्धतीत तर निश्चयक काढताना वजाबाकीच असते, तिथं हिची उत्तरं बरोबर कशी? मी तिच्या रोजच्या वहीतलं एक बरोबर ठरलेलं उदाहरण उघडलं: `3x + 5y = 16` आणि `4x + 2y = 12`. D = 6 − 20, तिनं लिहिलं 14. Dₓ = 32 − 60, तिनं लिहिलं 28. दोन्हीकडचं उणे चिन्ह गळालं, भागाकारात ती चूक पुसली गेली आणि x = 2 अगदी बरोबर आलं. Dᵧ मध्येही तेच झालं होतं.

त्या क्षणी मला उलगडलं की चुकांच्या वहीला एक मोठी मर्यादा आहे: ती फक्त चुकलेली उत्तरं पकडते. ईशाची समजूत कधी चुकीचं उत्तर देत होती, कधी बरोबर. म्हणूनच ती सगळ्यांना लहरी, म्हणजे ‘निष्काळजी’ वाटत होती. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाकडून आठवड्याला दोन बरोबर आलेली उदाहरणंही मोठ्यानं बोलत सोडवून घेते.

ही समजूत आली कुठून? प्राथमिक शाळेत ‘मोठ्यातून लहान वजा करा’ हे वाक्य आपण सगळेच ऐकतो, आणि तिथं ते चालून जातं. शिवाय मराठीत ‘फरक’ या शब्दाला दिशाच नाही. दोन बहिणींत तीन वर्षांचा फरक असतो. कोणापासून मोजला हे कुणी विचारत नाही. श्रेढीतल्या d ला दिशा असते.

मी उदाहरणं बंद केली. “सातव्या मजल्यावरून लिफ्टनं चौथ्यावर आलीस. किती मजले?”

“तीन.” मग जरा थांबून, “तीन खाली.”

ती गप्प बसली. मी मुद्दाम काही बोलले नाही. अशा वेळी बोलणारा समुपदेशक मुलाच्या हातातला शोध हिसकावून घेतो. तिनं 7, 4, 1 कडे पाहिलं, दोन आकड्यांमध्ये खाली वाकलेला बाण काढला आणि −3 लिहिलं. दहावं पद −20 आलं. “34 कसं येईल? ही तर उतरतीय,” असं ती स्वतःशीच म्हणाली. मग वही ओढून तिनं एकेक ‘सिली’ खोडरबरानं पुसायला सुरुवात केली. आई दारात उभी होती. “म्हणजे ही निष्काळजी नव्हती?” असं तिनं अगदी हळू विचारलं.

नव्यानं वर्गवारी झाली तेव्हा 13 चुका समजुतीच्या, 8 पायऱ्यांच्या आणि 10 खरोखर दुर्लक्षाच्या निघाल्या. समजुतीच्या चुकांसाठी आणखी गणितं सोडवून उपयोग नव्हता, उलट चुकीची सवय घट्ट झाली असती. तिथं संख्यारेषा आणि ‘पुढचं वजा मागचं’ हे तिनंच केलेलं वाक्य कामी आलं. पायऱ्यांच्या चुका बहुतेक पूर्ण वर्ग पद्धतीतल्या होत्या. त्यासाठी एकाच साच्याची तीन-तीन उदाहरणं, प्रत्येक ओळीपुढे ‘हे का केलं’ लिहून.

दुर्लक्षाच्या दहापैकी सहा चुका पान उलटताना आकडा उतरवण्यात झाल्या होत्या, 36 चे 63. ईशा आता नवं उदाहरण पानाच्या तळाशी सुरू करत नाही. आणि प्रत्येक उणे चिन्हावर अजूनही छोटासा बाण काढते.