तपासून आलेल्या प्रॅक्टिकल रिपोर्टचा लेख करताना

प्रश्न : मी ठाण्यात टी.वाय. बी.एस्सी.ला आहे. घराजवळच्या तलावाच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने काढला होता. सकाळी साडेसहाला 4.1, 4.2, 4.2 आणि दुपारी तीनला 9.4, 9.5, 9.4 मिग्रॅ/लिटर आला. पाण्याचं तापमान 26 आणि 31 अंश. रिपोर्टला 20 पैकी 15 मिळाले. सरांनी लाल पेनाने लिहिलंय : ‘9.4333 कशाला?’, ‘तापमानाशी ताडून पाहा’, ‘नमुना फिक्स कुठे केला?’, ‘खबरदारी पुस्तकातली आहे’. आता कॉलेजच्या रिसर्च मॅगझिनला हजार शब्दांत लेख हवाय. अकरा पानं कशी कापू?

उत्तर :

कापू नका, नव्याने लिहा. मी नवी मुंबईत रसायनशास्त्र शिकवतो आणि आमच्या विद्यार्थी अंकाकडे आलेले लेख वाचतो. त्यातले बरेचसे असे कापलेले रिपोर्टच असतात. उद्देश, साहित्य, तत्त्व, कृती, निष्कर्ष, खबरदारी असं सगळं त्याच क्रमाने, फक्त प्रत्येकातलं थोडं थोडं कमी केलेलं. रिपोर्ट लिहिताना समोर सर असतात, आणि तुम्हाला टायट्रेशन जमतं का हे त्यांना बघायचं असतं. लेख वाचणारा ते जमतं असं धरूनच वाचायला बसतो. त्याला तलावाबद्दल काहीतरी कळायला हवं असतं.

तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे, आणि ते सरांच्या दुसऱ्या शेऱ्यात दडलंय. ‘तापमानाशी ताडून पाहा’ हा शेरा मार्क कापायला लिहिलेला नाही, तुमचा अख्खा लेख त्यात आहे. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीच्या दाबाला गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त किती ऑक्सिजन विरघळतो याचे तक्ते असतात. 26 अंशांना 8.11 मिग्रॅ/लिटर आणि 31 अंशांना 7.43. ठाण्याला उंचीची दुरुस्ती करायची गरज नाही. नमुना खाडीचा असता तर मात्र क्षारांमुळे हे आकडे खाली आले असते आणि हा तक्ता तसाच वापरता आला नसता.

आता भागाकार करून बघा. सकाळचे 4.2 भागिले 8.11, म्हणजे सुमारे 52 टक्के संपृक्तता. दुपारचे 9.4 भागिले 7.43, म्हणजे सुमारे 127 टक्के. नुसत्या तापमानाच्या हिशोबाने दुपारी ऑक्सिजन कमी मावायला हवा होता, तो दुपटीहून जास्त निघाला आणि मावतो त्याच्याही वर गेला. रिपोर्टमध्ये तुम्ही बहुधा ‘सकाळी 4.2 व दुपारी 9.4 आढळला’ एवढंच लिहून थांबला असाल. लेख तिथून सुरू होतो.

चर्चेत ‘शेवाळामुळे असे झाले’ असं एका वाक्यात उरकू नका. आधी दुसरी कारणं बसतात का ते बघा, वाचणाऱ्याला त्यातच गोडी असते. वारा, लाटा किंवा कारंजं यांनी ऑक्सिजन मिसळतो, पण हवेशी देवघेव पाण्याला संपृक्ततेकडे नेते. 127 टक्क्यांपर्यंत चढवणं तिच्याने होत नाही. दुसरी शंका हुशार परीक्षक नक्की काढेल : पाणी नुसतं तापलं आणि आतला ऑक्सिजन बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तरीही टक्केवारी शंभराच्या वर जाईलच की. बरोबर आहे, पण तेवढ्याने किती जाईल? पाणी सकाळी पूर्ण संपृक्त होतं असं धरलं तरी 8.11 भागिले 7.43, म्हणजे 109 टक्के. आणि तुमचं पाणी तर सकाळी निम्मंच भरलेलं होतं. तेव्हा जादा ऑक्सिजन पाण्यातच तयार झाला असणार, आणि दिवसाउजेडी तसं करणारी गोष्ट म्हणजे प्रकाशसंश्लेषण. रात्री तेच शेवाळ आणि बाकीचे जीव श्वसनात ऑक्सिजन वापरतात, त्याने सकाळचा 52 चा आकडाही जुळतो. मात्र तुम्ही क्लोरोफिल मोजलेलं नाही, सूक्ष्मदर्शकाखाली पाणी बघितल्याचंही लिहिलेलं नाही. म्हणून ‘शेवाळामुळे झाले’ असं न म्हणता ‘प्रकाशसंश्लेषणाशी सुसंगत आहे’ असं म्हणा. संपादकाच्या नजरेला हा फरक पहिल्यांदा दिसतो.

आता कृती. सरांचा तिसरा शेरा इथलाच आहे. मॅन्युअलमध्ये ‘बी.ओ.डी. बाटलीत नमुना घ्या, 1 मिली मँगनीज सल्फेट व 1 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला’ असं असतं आणि रिपोर्टात ते तसंच उतरतं. लेखात तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत ते भूतकाळात यायला हवं. साधारण असं :

‘तलावाच्या पूर्व काठावरून, पृष्ठभागाखाली सुमारे वीतभर खोलीवर, 300 मिलीच्या तीन बाटल्या बुडबुडा न राहता भरल्या. मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड-अझाइड काठावरच घातले. आम्ल घालून टायट्रेशन प्रयोगशाळेत केले.’

काठ आणि खोली मी मनाने घातली आहे, तुमची जी असेल ती लिहा. ‘काठावरच’ या शब्दाला फार महत्त्व आहे. बाटली फिक्स न करता रिक्षात घालून कॉलेजला नेली असेल, तर वाटेत बंद बाटलीतही शेवाळ नि जिवाणू आपलं काम करतच राहतात. दप्तराच्या अंधारात ऑक्सिजन घटतो. म्हणजे दुपारचा आकडा खरा याहून मोठा असू शकतो आणि सकाळचाही. तुम्ही प्रयोगशाळेत जाऊन फिक्स केलं असेल तर तसं सरळ लिहा, तलावापासून तिथवर किती वेळ लागला तेही लिहा. त्यामुळे लेख नाकारला जाणार नाही. ते लपवलं आणि परीक्षकाने विचारलं, तर मात्र अडचण होते.

तुमची तीन रीडिंग म्हणजे काय, हेही स्पष्ट करा. 300 मिलीच्या बाटलीतून 200 मिली टायट्रेशनला घेतलं तर त्या बाटलीतून दुसरं रीडिंग निघत नाही, म्हणजे तीन बाटल्या झाल्या. 50 किंवा 100 मिली घेतलं असेल तर तिन्ही रीडिंग एकाच बाटलीतली असू शकतात. तसं असेल तर त्यातून तुमचा हात किती स्थिर आहे एवढंच कळतं, तलाव जागोजागी सारखा आहे का ते कळत नाही. तीन बाटल्या एकाच जागी भरल्या असतील तरी हेच थोडंफार लागू होतं.

पहिला शेरा, 9.4333 चा. 200 मिली नमुना आणि 0.025 नॉर्मल थायोसल्फेट असेल तर 1 मिली थायोसल्फेट म्हणजे 1 मिग्रॅ/लिटर ऑक्सिजन. आपल्या ब्युरेटवर 0.1 मिलीच्या रेघा असतात, म्हणजे उत्तरही साधारण तेवढंच बारीक. चार दशांश लिहिले की वाचणाऱ्याला कळतं की आकडा कॅल्क्युलेटरने दिलाय. 9.4 लिहा. जाता जाता : दोन मिली रसायनं घातली की तेवढा नमुना बाटलीतून बाहेर सांडतो, म्हणून काटेकोरपणे 200 ऐवजी 201 मिली टायट्रेट करतात. तुम्ही 200 घेतलं असेल तर फरक अर्ध्या टक्क्याचा पडतो, ब्युरेटच्या अनिश्चिततेहून कमी. त्यावर एक वाक्य पुरे.

चौथ्या शेऱ्याचं काय करायचं? ‘खबरदारी’ हा भाग पूर्ण काढा. बुडबुड्याची गोष्ट कृतीत आलीच. ‘पॅरॅलॅक्स टाळला’, ‘उपकरणे स्वच्छ धुतली’ याची लेखात गरज नाही. त्या जागी मर्यादा लिहा, आणि त्या तुमच्याच प्रयोगाच्या असाव्यात : एकच दिवस, एकच जागा, फक्त वरचं पाणी, दोनच वेळा. खोल पाण्यात चित्र वेगळं असू शकतं, ढगाळ दिवशीही. दोन वेळांमधे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून दोन बिंदू जोडून आलेखावर रेघ ओढू नका. दोन ओळींचा तक्ता पुरतो : वेळ, तापमान, ऑक्सिजन, संपृक्तता.

तत्त्वाचं दीड पान, तपकिरी साका, आयोडीन मोकळं होणं, चारही समीकरणं, हे सगळं ‘विंकलर पद्धतीच्या अझाइड रूपाने मापन केले’ या ओळीत मावतं. विंकलरने ही पद्धत 1888 साली मांडली, ती सगळ्यांना माहीत आहे. वाचलेली जागा प्रस्तावनेला द्या, आणि प्रस्तावनेत एकच मुद्दा ठेवा : तलावाचा ऑक्सिजन दिवसातून एकदाच मोजला तर तो कधी मोजला यावर उत्तर बदलतं का? तलाव कुठला ते तुम्ही इथे लिहिलेलं नाही, लेखात नीट लिहा. ठाण्यात ‘तलावपाळी’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, कोल्हापूरच्या वाचकाला मात्र ‘मासुंदा तलाव, ठाणे’ असं सांगावं लागतं.

शीर्षक आणि सारांश सगळ्यात शेवटी लिहा. ‘विंकलर पद्धतीने विरघळलेल्या ऑक्सिजनचे मापन’ हे प्रॅक्टिकलचं नाव झालं. लेखाला ‘ठाण्यातील एका तलावाच्या पृष्ठजलात सकाळ-दुपार ऑक्सिजनमधील फरक : एका दिवसाची निरीक्षणे’ असं काहीतरी द्या. ‘एका दिवसाची’ हे शब्द कितीही खटकले तरी काढू नका. सारांश असा चालेल :

‘तलावाच्या पृष्ठजलातील विरघळलेला ऑक्सिजन एका दिवशी दोन वेळा मोजला. सकाळी तो 4.2 मिग्रॅ/लिटर (संपृक्ततेच्या 52 टक्के) व दुपारी 9.4 मिग्रॅ/लिटर (127 टक्के) आढळला. तापमानवाढीने अपेक्षित असलेली घट दिसली नाही. ही वाढ पाण्यातील प्रकाशसंश्लेषणाशी सुसंगत आहे. एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून तलावाची स्थिती ठरवताना नमुन्याची वेळ नोंदवणे आवश्यक आहे.’

राहिला नावांचा प्रश्न. प्रॅक्टिकल गटात केलं असेल तर बाटल्या भरणारे आणि टायट्रेशन करणारे सोबती लेखक म्हणून येतात का, हे लिहायला घेण्याआधीच त्यांच्याशी बोलून घ्या. नाहीतर एकाच तक्त्याचे दोन लेख संपादकाकडे येतात. सरांना विचारूनच त्यांचं नाव लिहा, आभारात किंवा लेखकांत. हा लेख वर्गातल्या प्रॅक्टिकलवर आधारलेला आहे हे संपादकाला पत्रात कळवा, त्यात कमीपणा काही नाही. मार्कांचं पान जोडू नका. निरीक्षणांची कच्ची वही मात्र हाताशी ठेवा, कारण ब्युरेटचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग आम्ही कधी कधी मागून घेतो.